ऑर्डरच्या पानावर पार्सलची खबर: हाताने लिंक, ॲग्रिगेटरचं प्लगइन की स्वतःचा वेबहुक?

नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेची पूजेची भांडी विकणारं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. वूकॉमर्सवर साइट आहे, दिवसाला वीस-पंचवीस ऑर्डरी येतात आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त कॅश ऑन डिलिव्हरीच्या असतात. शहरांतली पार्सलं कुरिअरने जातात, आडबाजूच्या गावांची स्पीड पोस्टाने. दुकानातला फोन दिवसभर एकाच कारणासाठी वाजतो: "दादा, माझं पार्सल कुठवर आलं?"

मालकाला आता ही माहिती ग्राहकाच्या ऑर्डरच्या पानावरच दाखवायची आहे आणि सोबत मोबाईलवर आपोआप निरोपही जायला हवेत. त्यासाठी तीन रस्ते आहेत. पहिला, ट्रॅकिंग नंबर हाताने टाकायचा आणि कुरिअरच्या पानाची लिंक द्यायची. दुसरा, एका खात्यातून अनेक कुरिअर देणाऱ्या ॲग्रिगेटरचं तयार प्लगइन बसवायचं. तिसरा, कुरिअरकडून येणारी प्रत्येक नोंद वेबहुकने आपल्या साइटवर घ्यायची आणि पान व निरोप आपले आपण चालवायचे. या तिघांची तुलना लोक बहुतेक वेळा महिन्याच्या खर्चावर करतात. मी ती दोन प्रश्नांवर करतो. कुरिअरची भाषा ग्राहकाच्या भाषेत कोण आणि किती बरोबर आणतं? आणि पार्सल दारातून परत फिरलं, त्या संध्याकाळी काय घडतं?

आधी एक पार्सल बघू

लातूरच्या एका ताईंनी १,८५० रुपयांचा तांब्याचा पूजा संच कॅश ऑन डिलिव्हरीने मागवला आहे असं धरा. सोमवारी संध्याकाळी लेबल निघालं. मंगळवारी दुपारी पिकअपवाला पार्सल घेऊन गेला आणि रात्री ते नाशिकच्या हबमध्ये स्कॅन झालं. पुढचे दोन दिवस ते एका हबमधून दुसऱ्या हबमध्ये फिरलं आणि गुरुवारी रात्री लातूरच्या केंद्रावर पोहोचलं. शुक्रवारी सकाळी डिलिव्हरीला निघालं, पण संध्याकाळी तसंच केंद्रात परत आलं. नोंद पडली: ग्राहक उपलब्ध नाही.

एवढ्या प्रवासात कुरिअरकडे दहा-बारा नोंदी सहज होतात. ताईंना त्यातले चारच क्षण कळायला हवेत: पार्सल निघालं, आज येतंय, आलं होतं पण देता आलं नाही, मिळालं. बाकी सगळं पानावर दिसलं तरी चालेल, मोबाईलवर नको.

या चारांत दुकानाचे पैसे वाचवणारा निरोप तिसरा आहे. कुरिअर साधारणपणे दोन-तीन वेळा प्रयत्न करतं आणि मग पार्सल परतीला लावतं, म्हणजे आरटीओ करतं. जायचे ७० आणि परतीचे ७० धरले तर १४० रुपये गेले, वर माल दोन आठवडे रस्त्यात अडकला. तांब्याचं भांडं तोवर काळवंडतं, ते पुन्हा घासून-चमकवून पॅक करायची मजुरी वेगळी. शुक्रवारी संध्याकाळीच ताईंना "उद्या चालेल का, दुसरा नंबर आहे का" असं विचारलं गेलं तर यातली बरीच पार्सलं शनिवारी पोहोचतात. सोमवारी विचारलं तर तोवर दुसरा प्रयत्नही वाया गेलेला असतो. तिन्ही रस्ते याच मापाने तपासू.

हाताने नंबर, सोबत लिंक

दिवसाला आठ-दहापर्यंत ऑर्डरी असतील तर हा रस्ता कमी प्रतीचा मुळीच नाही. पार्सल दिलं, नंबर ऑर्डरमध्ये टाकला, ग्राहकाला एक ईमेल किंवा व्हॉट्सॲप गेला, काम झालं. वूकॉमर्समध्ये शिपमेंट ट्रॅकिंगची प्लगइन्स आहेत, ती कुरिअरचं नाव निवडलं की लिंक स्वतः तयार करतात. शॉपिफायवर तर हे मुळातच आहे: ऑर्डर फुलफिल करताना नंबर आणि कुरिअर भरला की ग्राहकाच्या ऑर्डर स्टेटस पानावर लिंक येते आणि पाठवणीचा ईमेल जातो.

इथे चुका होतात त्या नंबर टाकताना. कुरिअरचा एडब्ल्यूबी, म्हणजे ट्रॅकिंग नंबर, तेरा-चौदा आकड्यांचा असू शकतो. पोर्टलवरून शीट उतरवून ती एक्सेलमध्ये उघडली की असा लांब आकडा `1.23457E+13` असा दिसतो, आणि तशीच सीएसव्ही सेव्ह करून साइटवर चढवली की त्या दिवसाच्या सगळ्या ग्राहकांना एकच बाद नंबर जातो. त्यामुळे शीट थेट न उघडता तो रकाना टेक्स्ट ठरवून एक्सेलमध्ये इम्पोर्ट करायची, किंवा फाइल गूगल शीटमध्ये आणतानाच आकड्यांचं आपोआप रूपांतर बंद ठेवायचं.

स्पीड पोस्टाच्या नंबरात मात्र चूक पकडायची सोय आहे. तो १३ अक्षरांचा असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी `IN`. नववा आकडा हा आधीच्या आठांवरून काढलेला तपासणीचा आकडा असतो. आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागून उरलेली बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर १० आलं तर ० धरायचा, ११ आलं तर ५. उदाहरणार्थ १२३४५६७८ या आकड्यांची बेरीज २०४ येते, बाकी ६, म्हणून तपासणीचा आकडा ५. म्हणजे `EM123456785IN` बरोबर आणि शेवटी ६ असेल तर कुठेतरी आकडा चुकलाय. नंबर भरायच्या रकान्यात ही चार ओळींची तपासणी बसवली की काउंटरवरच्या घाईत चुकलेला आकडा जागच्या जागी लक्षात येतो.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नावर या. शुक्रवारी संध्याकाळी काय घडलं? काहीच नाही. दुकानाला कळलंच नाही. कुणीतरी रोज सहा वाजता पोर्टल उघडून न पोहोचलेल्या पार्सलांची यादी, म्हणजे एनडीआर, बघून फोन केले तरच हा रस्ता चालतो. दहा ऑर्डरींपर्यंत ते घरचं माणूस पंधरा मिनिटांत करतं, आणि फोनवर प्रेमाने विचारलेलं कुठल्याही आपोआप निरोपापेक्षा जास्त उपयोगी पडतं. पंचवीस ऑर्डरींना ते रोज होत नाही.

ॲग्रिगेटरचं प्लगइन

शिपरॉकेट, निंबसपोस्ट, आयथिंक लॉजिस्टिक्स यांसारखे ॲग्रिगेटर एकाच खात्यात अनेक कुरिअर देतात. त्यांचं प्लगइन किंवा चॅनल जोडणी केली की ऑर्डरी तिकडे जातात आणि नंबर व स्थिती इकडे परत येते. सोबत दुकानाच्या लोगोचं ट्रॅकिंग पान आणि ग्राहकाला जाणारे निरोप मिळतात. वेगवेगळ्या कुरिअरांच्या नोंदी एका साच्यात बसवायचं किचकट काम त्यांनी केलेलं असतं. एनडीआरचीही व्यवस्था असते: ग्राहकाला पुन्हा कधी येऊ असं विचारलं जातं आणि उत्तर कुरिअरपर्यंत जातं. आपल्या दुसऱ्या प्रश्नाला कमीत कमी मेहनतीत मिळणारं उत्तर हेच आहे, आणि दुकान एकाच ॲग्रिगेटरवर चालत असेल तर मी हाच रस्ता सुचवतो.

पण निवडताना तीन गोष्टी नीट बघा.

पहिली गोष्ट ऑर्डरच्या स्टेटसची. वूकॉमर्समध्ये मुळात "पाठवलं" असं स्टेटस नाही. `processing` नंतर थेट `completed` येतं. बरीच जोडणी लेबल निघताक्षणी किंवा पिकअप होताच ऑर्डर `completed` करते, आणि त्यासरशी "तुमची ऑर्डर पूर्ण झाली" असा ईमेल ग्राहकाला जातो. लातूरच्या ताई मंगळवारी हे वाचतात, पार्सल तेव्हा नाशिकच्या हबमध्ये असतं. सेटिंगमध्ये हे कुठल्या नोंदीला जोडलंय ते बघा आणि `completed` फक्त डिलिव्हरीला जोडा. ते बदलता येत नसेल तर निदान त्या ईमेलचा मजकूर बदला.

दुसरी गोष्ट दुहेरी-तिहेरी निरोपांची. कुरिअर स्वतः एसएमएस पाठवतं, कधी त्यात डिलिव्हरीचा ओटीपीही असतो, आणि तो आपल्याला थांबवता येत नाही. त्यावर ॲग्रिगेटरचा निरोप, त्यावर तुमच्या साइटचा. एकाच सकाळी "आज पार्सल येतंय" हे ताईंना तिघांनी सांगितलं की त्या तिन्हींवर विश्वास ठेवायचं सोडतात. पोस्टाच्या नावाने पत्ता अपडेट करा असे फसवे एसएमएस येतात याबद्दल केंद्र सरकारच्या पीआयबीने इशारे दिले आहेत, त्यामुळे अनोळखी लिंक दाबायला लोक आता कचरतात आणि ते योग्यच आहे. निरोप एकाच ठिकाणाहून जाऊ द्या आणि जमेल तिथे लिंक तुमच्या स्वतःच्या डोमेनची असू द्या.

तिसरी गोष्ट म्हणजे त्या खात्याबाहेरची पार्सलं. स्पीड पोस्टाने गेलेली किंवा शालिमारच्या कुरिअर काउंटरवर हातोहात दिलेली पार्सलं या प्लगइनला दिसतच नाहीत. दहातली दोन पार्सलं अशी असतील तर ते दोन ग्राहक पान उघडून "अजून पाठवलेलं नाही" असं वाचतात आणि फोन करतात. त्यांच्यासाठी हाताने नंबर टाकायचा रकाना ठेवावाच लागतो.

स्वतःचा वेबहुक

दोन-तीन ठिकाणांहून पार्सलं जात असतील आणि साइट सांभाळणारं माणूस हाताशी असेल, तर हा रस्ता विचारात घ्या. माणूस हाताशी नसेल तर नको, कारण हे एकदा बसवून विसरायचं काम नाही.

यात कुरिअर किंवा ॲग्रिगेटर प्रत्येक नव्या नोंदीला तुमच्या साइटवरच्या एका पत्त्यावर माहिती पाठवतो. आपण दर थोड्या वेळाने विचारत राहण्यापेक्षा हे बरं, कारण ठरल्या वेळी कामं चालवणारा वर्डप्रेसचा स्वतःचा क्रॉन कुणीतरी साइट उघडली तरच धावतो. रात्री कुणी आलं नाही तर तपासणीही होत नाही. विचारत राहायचंच असेल तर होस्टिंगवरचा खरा क्रॉन लावा.

खरं काम भाषांतराचं आहे. डेल्हिव्हरीचं उदाहरण घेतो. त्यांच्या नोंदीत एक `StatusType` असतो आणि एक `Status`. जाणाऱ्या पार्सलाचा प्रकार `UD`, परतीच्या पार्सलाचा `RT`, आणि प्रवास संपला की `DL`. इथे दोन खड्डे आहेत. `UD` सोबत `Dispatched` आलं तर त्याचा अर्थ दुकानातून निघालं असा नाही, ते शेवटच्या केंद्रातून ग्राहकाकडे निघालंय. कुणी हे "पार्सल पाठवलं" असं लावलं तर "आज येतंय" हा निरोप कधीच जात नाही आणि रोख पैसे तयार नसतात. दुसरा खड्डा त्याहून वाईट. ग्राहकाला मिळालं की `DL` आणि `Delivered` येतं, पण परतीचं पार्सल तुमच्याकडे पोहोचलं तरी प्रकार `DL` च असतो, सोबत `RTO`. नुसता `DL` बघणारा कोड ज्या ताईंना पार्सल मिळालंच नाही त्यांना "पार्सल मिळालं, धन्यवाद" असं कळवतो आणि ऑर्डर पूर्ण करून टाकतो. म्हणून दोन्ही रकाने मिळूनच अर्थ लावायचा:

```php
function dukan_tappa( $type, $status ) {
  if ( 'RT' === $type || 'RTO' === $status ) return 'parat';
  if ( 'DL' === $type && 'Delivered' === $status ) return 'milala';
  if ( in_array( $status, array( 'Manifested', 'Not Picked' ), true ) ) return 'tayar';
  if ( 'UD' === $type && 'Dispatched' === $status ) return 'aaj';
  if ( 'UD' === $type ) return 'vaatet';
  return 'tapasa';
}
```

ओळींचा क्रम मुद्दाम असा आहे. परतीची तपासणी सगळ्यात आधी, आणि जे ओळखता आलं नाही ते `tapasa` मध्ये. अनोळखी नोंदीवर ग्राहकाला काहीही पाठवायचं नाही, ती दुकानाच्या यादीत जाते. `Manifested` म्हणजे फक्त लेबल निघालंय, पार्सल अजून तुमच्याच टेबलावर आहे, त्यामुळे "निघालं" हा निरोप पिकअपनंतरच्या पहिल्या `In Transit` नोंदीला. दारातून परत आलेलं पार्सल इथे `Pending` मध्ये दिसतं आणि केंद्रात नुसतं थांबलेलंही `Pending` मध्येच. फरक कारणाच्या वेगळ्या कोडवरून करावा लागतो. माझ्या मते या रस्त्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, कारण आपला तिसरा निरोप त्यावर अवलंबून आहे. कुरिअरकडून कोडांची यादी मागून घ्या आणि "घरी नव्हते", "नकार दिला", "पत्ता अपुरा" या तिघांना वेगळे निरोप लावा. नकार देणाऱ्याला "उद्या पुन्हा येऊ का" विचारण्यात अर्थ नाही, तिथे दुकानाने फोनच करावा.

नोंदी नेहमी क्रमाने येत नाहीत. "मिळालं" आधी आणि "आज येतंय" नंतर, असंही होतं. एकच नोंद दोनदाही येते. म्हणून आलेली नोंद पार्सलाच्या शेवटच्या साठवलेल्या स्कॅनच्या वेळेशी ताडून बघायची, जुनी असेल तर इतिहासात ठेवायची पण निरोप पाठवायचा नाही. कुठला निरोप गेला तेही ऑर्डरमध्येच लिहून ठेवायचं. मात्र "देता आलं नाही" हा निरोप दुसऱ्या प्रयत्नानंतर पुन्हा जायला हवा, त्यामुळे त्याच्यासोबत तारीख ठेवा.

माहिती घेणारा पत्ता असा तयार होतो:

```php
add_action( 'rest_api_init', function () {
  register_rest_route( 'dukan/v1', '/parcel', array(
    'methods'  => 'POST',
    'callback' => 'dukan_parcel',
    'permission_callback' => function ( $req ) {
      return hash_equals( DUKAN_KEY, (string) $req->get_header( 'x-api-key' ) );
    },
  ) );
} );
```

`DUKAN_KEY` ही किल्ली आधी `wp-config.php` मध्ये ठरवून ठेवा आणि ती तपासल्याशिवाय काही आत घेऊ नका, नाहीतर पत्ता माहीत असलेला कुणीही ऑर्डरी "मिळालं" करून टाकेल. `dukan_parcel` मध्ये आलेला मजकूर जसाच्या तसा नोंदवायचा, काम `as_enqueue_async_action` ने रांगेत टाकायचं आणि लगेच २०० उत्तर द्यायचं. एसएमएस कंपनीच्या उत्तराची वाट बघत बसलात तर समोरचा कंटाळून पुन्हा तेच पाठवतो.

ऑर्डरवर माहिती साठवताना `$order->update_meta_data()` आणि `$order->save()` वापरा. वूकॉमर्स ८.२ पासून नव्या दुकानांत ऑर्डरी वेगळ्या टेबलांत असतात, जुनी `update_post_meta` पद्धत तिथे फसते: चूक दिसत नाही, पण पानावर काही येत नाही. ग्राहकाला दाखवायला `woocommerce_order_details_after_order_table` हा हुक पुरेसा आहे, "माझं खातं" आणि ऑर्डर मिळाल्याचं पान दोन्हीकडे तो चालतो.

पार्सलाच्या टप्प्यांसाठी नवी ऑर्डर स्टेटस बनवायचा मोह मी टाळतो. ऑर्डरचं स्टेटस म्हणजे पैशांचा आणि हिशोबाचा विषय, पार्सलाचा टप्पा वेगळा. नवं स्टेटस `woocommerce_order_is_paid_statuses` या फिल्टरमध्ये घालायला विसरलं की पैसे आलेली ऑर्डर न आलेल्यांत मोजली जाते. एका ऑर्डरची दोन पार्सलं झाली, समई वेगळी आणि ताम्हन वेगळं, तर एका स्टेटसमध्ये ते मावतही नाही. टप्पा एडब्ल्यूबीगणिक साठवा.

एक गोष्ट पानाबद्दल. खातं न उघडता खरेदी करणारा ग्राहक ऑर्डर मिळाल्याच्या पानाची लिंक नंतर उघडतो तेव्हा वूकॉमर्स त्याला ईमेल विचारतं. मोबाईल नंबरवरच सगळं करणारी मंडळी तिथेच अडतात. म्हणून निरोपात स्वतंत्र ट्रॅकिंग पानाची लिंक द्या, पण ती नुसत्या ऑर्डर क्रमांकाची नको. क्रमांक एकाने वाढवला की शेजारच्या ऑर्डरचा पत्ता दिसेल. लिंकमध्ये ऑर्डरची किल्ली ठेवा, पानावर पूर्ण पत्ता आणि मोबाईल नंबर दाखवू नका आणि हे पान, पानांच्या तयार प्रती साठवणाऱ्या कॅशमधून वगळा. स्वस्त होस्टिंगवरचं कॅश प्लगइन "माझं खातं" वगळतं, तुम्ही बनवलेलं नवं पान वगळत नाही, आणि मग एकाचं पार्सल दुसऱ्याला दिसतं.

निरोप कशाने पाठवायचा

ईमेल फुकट आहे आणि बिलासाठी उत्तम, पण "आज येतंय" हे ईमेलने कळवून उपयोग नाही, ते संध्याकाळी वाचलं जातं.

एसएमएस साध्या फोनवरही पोहोचतो. त्यासाठी दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी व्यवस्थेवर दुकानाची नोंद, पाठवणाऱ्याच्या नावाचं सहा अक्षरी हेडर आणि प्रत्येक मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. मजकुरातली लिंकही आधी नोंदवलेली हवी. साच्यातल्या बदलत्या मजकुराच्या एका जागेत मोजकीच अक्षरं बसतात, त्यामुळे तिथे वस्तूचं लांबलचक नाव घालू नका, संदेश अडतो. मराठीत पाठवायचं तर एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार, रफार सगळं वेगळं मोजलं जातं. "पार्सल" हा शब्दच सहा अक्षरांचा होतो. "तुमचं पार्सल आज येतंय. रोख १८५० रुपये तयार ठेवा." एवढं वाक्य ४८ अक्षरांचं आहे. त्यापुढे तीस अक्षरांची लिंक आली की दोन एसएमएसचे पैसे. महिन्याला ७५० ऑर्डरी, प्रत्येकी चार निरोप आणि एसएमएस समजा २० पैशांना, तर ६०० रुपये होतात. सगळे निरोप दुहेरी गेले तर १,२००. म्हणून "आज येतंय" मधून मी लिंक काढतो. त्या क्षणी ग्राहकाला रकमेची गरज असते, पानाची नाही.

व्हॉट्सॲपवर मराठी मोकळेपणाने लिहिता येतं आणि खाली बटणं देता येतात. "देता आलं नाही" या निरोपाला "उद्या या", "दुसरा नंबर देतो", "नको आहे" अशी तीन बटणं असली की उत्तर येण्याची शक्यता खूप वाढते, आणि ग्राहकाने उत्तर दिल्यावर २४ तास त्याच्याशी साधं बोलता येतं. १ जुलै २०२५ पासून मेटा साच्याच्या संदेशांना संदेशागणिक पैसे आकारतं, आणि ऑर्डरविषयीच्या युटिलिटी साच्याचा दर जाहिरातीच्या साच्याहून बराच कमी आहे. पण त्याच निरोपात "पुढच्या खरेदीवर सूट" अशी एक ओळ घातली की तो जाहिरातीत मोडतो. ती ओळ घालूच नका. ग्राहकाची संमती चेकआउटला वेगळ्या टिकने घ्या.

वाटणी मी अशी करतो: पाठवलं आणि मिळालं हे ईमेल व पानावर, आज येतंय हा एसएमएस, देता आलं नाही हे व्हॉट्सॲपवर. बटण दाबलं गेलं की तो निरोप दुकानातल्या माणसापर्यंत लगेच पोहोचला पाहिजे आणि त्याने तो कुरिअरच्या एनडीआर पोर्टलवर त्याच रात्री चढवला पाहिजे, नाहीतर तीन बटणं शोभेची.

आपल्या दुकानापुरतं

भांडी बाजारातल्या त्या दुकानाला मी आज ॲग्रिगेटरचं प्लगइन सुचवेन, `completed` डिलिव्हरीला जोडून, ॲग्रिगेटरचे जास्तीचे निरोप बंद करून आणि स्पीड पोस्टासाठी तपासणीचा आकडा बघणारा रकाना ठेवून. येवल्याच्या पैठणीवाल्यांसारखी ज्यांची एकेक वस्तू हजारोंची आहे आणि पार्सलं मोजकी आहेत, त्यांनी हाताने नंबर टाकावा आणि स्वतः फोन करावा. तीस-चाळीस ऑर्डरींच्या पुढे, दोन कुरिअर आणि पोस्ट असा कारभार झाला, की वेबहुकचा खर्च परतीची पार्सलं वाचवून भरून निघतो. महिन्याला दहा पार्सलं वाचली तरी वरच्या हिशोबाने १,४०० रुपये सुटतात. म्हणून आधी गेल्या तीन महिन्यांतली आरटीओची यादी काढा आणि त्यातली किती "ग्राहक उपलब्ध नाही" ची आहेत ते मोजा. बहुतेक नकाराची किंवा खोट्या पत्त्याची असतील तर वेबहुक त्यांना वाचवणार नाही, तिथे पाठवण्याआधी फोन करून ऑर्डर पक्की करण्याचं काम आहे.

रस्ता कुठलाही घ्या, एक यादी रोज सकाळी आपोआप यायला हवी: ज्या पार्सलांची ४८ तासांत एकही नवी नोंद नाही. तिच्यातून दोन वेगळे बिघाड उघडे पडतात. एकदोन पार्सलं दिसली तर ती खरोखर कुठेतरी अडकलीत, कुरिअरकडे तक्रार नोंदवा. सगळीच दिसली तर नोंदी तुमच्यापर्यंत येतच नाहीत, बहुधा फायरवॉल किंवा सुरक्षेचं प्लगइन कुरिअरची विनंती ४०३ देऊन परतवतंय, ते सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसतं. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत रामकुंडाकडचे रस्ते वाहनांना बंद होते. २०२७ च्या पर्वण्यांना पंचवटीतून पिकअप असणाऱ्यांची `Manifested` वर थांबलेली पार्सलं या यादीत ढिगाने येतील. त्या दिवसांपुरता "पार्सल तयार आहे, रस्ते बंद असल्याने दोन दिवस उशिरा निघेल" असा मजकूर पानावर आणि डीएलटीच्या साच्यात आधीच मंजूर करून ठेवा, कारण साच्याची मंजुरी ऐनवेळी हातात येत नाही.

आणि सुरू करण्याआधी सिन्नरच्या नातेवाइकांकडे एक खरं कॅश ऑन डिलिव्हरी पार्सल पाठवा आणि त्यांना पहिल्या दिवशी दार न उघडायला, दुसऱ्या दिवशी घ्यायला सांगा. दुसरं पार्सल नाकारायला सांगा आणि ते तुमच्याकडे परत येईपर्यंत वाट बघा. या दोन पार्सलांवर ग्राहकाच्या मोबाईलवर नेमके कुठले निरोप आले, हे त्यांच्याच फोनवरून स्क्रीनशॉट मागवून लॉगशी ओळीगणिक ताडा. परतीच्या पार्सलावर "मिळालं" गेलं नाही ना, हे सगळ्यात आधी बघा.